‘रेकॉर्ड’चा आघात : उच्चाराची शिस्त आणि काव्यवाचनाची शिस्त

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका मौखिक परीक्षेस उपस्थित राहण्याचा योग आला होता. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातून आलेला एक विद्यार्थी आपल्या प्रबंधाचे विवेचन इंग्रजीतून करीत होता. ‘रेकॉर्ड’ हा शब्द त्याच्या बोलण्यात वारंवार येई. कधी नाम म्हणून, कधी क्रियापद म्हणून. दोन्हीकडे त्याचा उच्चार एकच. एका परीक्षकांनी त्याला मध्येच थांबवून दोन उच्चारांतील फरक सांगितला आणि नामाचा आघात पहिल्या अक्षरावर व क्रियापदाचा दुसऱ्या अक्षरावर असतो, हा इंग्रजीचा नियमच आहे, असे बजावले. विद्यार्थी ओशाळला. पुढचा अर्धा तास तो प्रत्येक द्व्यक्षरी शब्दापाशी अडखळत राहिला आणि ‘रिपोर्ट’ हे नामही त्याने पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारले. इंग्रजीत हा शब्द नाम असो की क्रियापद, आघात दुसऱ्याच अक्षरावर असतो. म्हणजे एक चूक सुधारण्याच्या भरात त्याने दुसरी नवी चूक केली होती. आणि तिचे मूळ त्याच्या अज्ञानात नव्हते, त्याला सांगितलेल्या नियमात होते.

या प्रसंगापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्याला आपण नियम म्हणून शिकवतो ती वस्तुतः काय चीज आहे? आणि भारतीय साहित्यांचा अभ्यास करणाऱ्याने तिच्याकडे कोठे लक्ष द्यावे, कोठे फारसे देऊ नये? माझे मत आरंभीच सांगतो. आपण या जोड्यांचा आग्रह नेमका उलट्या ठिकाणी धरतो. बोलण्यात त्या फारशा महत्त्वाच्या नाहीत, आणि तेथे आपण विद्यार्थ्याला अडवतो. काव्यवाचनात त्या फार महत्त्वाच्या आहेत, आणि तेथे आपण त्यांचे नावही काढीत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्या अक्षरावरील आघातास आद्याघात आणि शेवटच्या अक्षरावरील आघातास अंत्याघात म्हणू. इंग्रजीत काही द्व्यक्षरी शब्द असे आहेत की लेखनात ते एकच दिसतात, परंतु नाम असताना आद्याघाताने व क्रियापद असताना अंत्याघाताने उच्चारले जातात. रेकॉर्ड, परमिट, प्रोटेस्ट, कॉन्ट्रॅक्ट, ऑब्जेक्ट, इम्पोर्ट हे त्यांपैकी आपल्या परिचयाचे. आघाताबरोबर स्वरही पालटतो, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे. ‘रेकॉर्ड’ हे नाम असता पहिल्या अक्षरात ऱ्हस्व ‘ए’ स्पष्ट ऐकू येतो. क्रियापद असता आघात सरकतो, पहिले अक्षर दुबळे होते आणि त्यातील ‘ए’चा जवळजवळ ‘इ’ होतो. तेव्हा इंग्रजी कानाला जो फरक जाणवतो तो केवळ जोराचा नसतो. जोर, काल आणि स्वराचा रंग या तिघांचा मिळून असतो.

हा आकृतिबंध अनादी नाही. त्याचा इतिहास डोनाल्ड शर्मन यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात जुन्या कोशांच्या आधारे लावून दाखवला. त्यांच्या गणनेनुसार 1570 साली अशा जोड्या अवघ्या तीन होत्या : आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. 1582 पर्यंत त्या आठ झाल्या, 1660 पर्यंत चोवीस, 1800 पर्यंत पस्तीस, 1900 पर्यंत सत्तर आणि 1934 पर्यंत सुमारे दीडशे. म्हणजे ही भाषेत शतकानुशतके एकेका शब्दाने पसरत गेलेली सवय आहे. कोणा वैयाकरणाने घालून दिलेला नियम ती नव्हे, आणि ती अद्याप पुरी पसरलेलीही नाही. नाम आणि क्रियापद असे दोन्ही चालणारे, परंतु आघात न पालटणारे द्व्यक्षरी शब्द आजही इंग्रजीत या जोड्यांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. ‘रिपोर्ट’ आणि ‘मिस्टेक’ ही त्यांची दोन साधी उदाहरणे. काही शब्द आज उंबरठ्यावर आहेत : ‘ॲड्रेस’ हे नाम अमेरिकेत पुष्कळजण आद्याघाताने उच्चारतात, इंग्लंडात ते बहुधा अंत्याघातीच असते. ज्या विद्यार्थ्याला हे सांगितले असेल तो ‘रिपोर्ट’पाशी फसणार नाही, कारण जोडी शब्दागणिक शिकावी लागते, नियमावरून काढता येत नाही, हे त्याला ठाऊक असेल.

मात्र सवय नियम नसली तरी तिला दिशा आहे. जेथे आघात सरकला तेथे तो बहुतेक नेहमी नामात पुढे आला आणि क्रियापदात मागे राहिला. याच्या उलट सहसा घडलेले नाही. असे का व्हावे? एक कारण जुन्या जर्मानिक वारशात आहे. जुन्या इंग्रजीत उपसर्गयुक्त नामात आघात उपसर्गावर येई आणि उपसर्गयुक्त क्रियापदात तो धातूवर राही. फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले रि-, कॉन्-, प्रो- अशा आरंभाचे शब्द त्या जुन्या साच्यात बसण्याजोगे होते.

परंतु वारसा हे पुरे उत्तर नव्हे, कारण जोड्यांची खरी वाढ पुढे, त्या जुन्या व्यवस्थेच्या अस्तानंतर झाली. दुसरे कारण वाक्याच्या लयीत शोधावे लागते. इंग्रजीत नामाच्या आधी बहुधा एखादे दुबळे उपपद येते. म्हणून नामाचे पहिले अक्षर सबळ असले की दुर्बल-सबळ अशी आंदोलने जुळतात. क्रियापदाच्या पुढे मात्र बहुधा दुबळे अक्षर येते. कधी ते त्याचेच प्रत्ययाक्षर असते, कधी पुढच्या शब्दाचे उपपद. म्हणून त्याचे शेवटचे अक्षर सबळ असणे लयीला मानवते. मायकेल केली आणि कॅथरिन बॉक यांनी 1988 साली हे प्रयोगाने तपासले. अर्थहीन द्व्यक्षरी शब्द वाक्यात घालून त्यांनी ते लोकांकडून वाचून घेतले, तेव्हा भोवतालच्या अक्षरांची लय आघाताची जागा ठरविण्यास हातभार लावते असे दिसून आले. ज्या शब्दाला अर्थच नाही त्याच्याही बाबतीत हे घडावे, यातला बोध महत्त्वाचा आहे. ही सवय अर्थभेद राखण्याच्या गरजेतून पसरली, असे मानण्याचे कारण उरत नाही. नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे वाक्यरचना आधीच सांगून चुकलेली असते. आघात त्या सांगण्यावर लयीचा शिक्का मारतो, एवढेच.

येथे आपल्या परंपरेतील एक प्रसिद्ध कथा विरोधासाठी आठवते. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी इंद्रशत्रूचा दाखला दिला आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ झाला. ‘इंद्रशत्रु’ या शब्दावर अंत्य उदात्त उच्चारला असता तर तत्पुरुष झाला असता आणि ‘इंद्राचा शातयिता’ असा अर्थ झाला असता. उच्चारला गेला आद्य उदात्त. समास बहुव्रीही ठरला, ‘इंद्र ज्याचा शातयिता आहे असा’ हा अर्थ झाला आणि वृत्र मारला गेला. या कथेत स्वर हेच अर्थाचे एकमेव चिन्ह आहे. वर्ण तेच, क्रम तोच, वाक्यही तेच. म्हणून तेथे स्वराची चूक प्राणावर बेतते. वैदिक भाषेत अशी स्वराश्रित जोडपी आणखीही आहेत. आद्युदात्त ‘ब्रह्मन्’ म्हणजे स्तोत्र वा मंत्र, अंतोदात्त ‘ब्रह्मन्’ म्हणजे तो म्हणणारा ऋत्विज. आद्युदात्त ‘यशस्’ म्हणजे कीर्ती, अंतोदात्त ‘यशस्’ म्हणजे कीर्तिमान. नाम आणि क्रियापद यांतही वैदिक भाषा स्वराने भेद करी; मुख्य वाक्यातील क्रियापद वाक्यारंभी नसेल तर ते आपला उदात्त गमावते, नाम सहसा गमावीत नाही. तो स्वर उच्चनीचतेचा होता आणि इंग्रजीचा आघात प्रामुख्याने बलाचा आहे, हे अंतर विसरता येणार नाही. परंतु आपल्याकडील स्वरविषयक जागरूकता इंद्रशत्रूसारख्या ठिकाणी निर्माण झाली आणि ‘रेकॉर्ड’ हे त्या जातीचे ठिकाण नव्हे. विद्यार्थ्याने क्रियापद आद्याघाताने उच्चारले म्हणून कोणताही वृत्र मरत नाही.

मग मराठीत त्या प्राचीन स्वराचे काय झाले? राल्फ टर्नर यांनी 1916 साली असा पक्ष मांडला होता की वैदिक स्वराच्या जागेचे अवशेष मराठी शब्दांच्या रूपांत दिसतात. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात तो पक्ष स्वीकारला नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या 1941 च्या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला सुलभ झाला, आणि 1970 साली देवराज चानना यांचे इंग्रजी भाषांतर येथे दिल्लीतच प्रसिद्ध झाले. वादाचा निकाल काहीही मानला, तरी आजच्या मराठीपुरती एक गोष्ट निर्विवाद आहे : शब्दांत जोर कमीअधिक पडतो, पण तो अक्षरांच्या लघुगुरुत्वाच्या मागोमाग जातो, दोन शब्द वेगळे करण्याचे काम त्याच्याकडे नाही. ‘हा खेळ संपला’ आणि ‘तू खेळ’, ‘नाच पाहिला’ आणि ‘तू नाच’, ‘मार बसला’ आणि ‘त्याला मार’ ही जोडपी पाहावी. नाम आणि आज्ञार्थी क्रियापद अगदी एकरूप आहेत, आणि कोणाही मराठी माणसाचा त्यांत आजवर घोटाळा झालेला नाही. मराठीत जे पालटते ते स्वराचे दीर्घत्व : ‘पीठ’चे ‘पिठात’, ‘सून’चे ‘सुना’. तेही शब्दातील स्थानामुळे पालटते, नाम-क्रियापद या भेदामुळे नव्हे.

अशा भाषेत वाढलेल्या कानाने ‘रेकॉर्ड’ची जोडी ऐकली म्हणजे काय होते, याचा पुरावा आपल्या लेखनातच पडून आहे. मराठीने शब्द एकच घेतला. ‘रेकॉर्ड मोडला’ हे नाम. क्रियापद हवे झाले तेव्हा त्याच नामाला ‘करणे’ जोडून ‘रेकॉर्ड करणे’. इंग्रजी ज्या कामावर आघात लावते त्या कामावर मराठीने सहायक क्रियापद नेमले. आता स्वराकडे पाहावे. मराठीत आपण ‘रेकॉर्ड’ लिहितो, पण ‘रिपोर्ट’ आणि ‘रिझल्ट’ लिहितो. इंग्रजी लिपीत तिन्हींचा आरंभ एकाच अक्षरजोडीने होतो. मग ‘रे’ आणि ‘रि’ हा भेद कोठून आला? इंग्रजीत ‘रिपोर्ट’ आणि ‘रिझल्ट’ हे नाम असतानाही अंत्याघाती आहेत, म्हणून पहिल्या अक्षरात दुबळा ‘इ’. ‘रेकॉर्ड’ हे नाम आद्याघाती आहे, म्हणून सबळ ‘ए’. आघात मराठीने टाकून दिला, पण त्याची पाऊलखूण स्वराच्या रूपाने ठेवली. आणि त्या खुणेवरून आपण जोडीतले नाम उचलले, क्रियापद नव्हे, हेही कळते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला याची उलट बाजू रोज दिसते. येथील हिंदी वृत्तपत्रांत ‘रिकॉर्ड’ किंवा ‘रिकार्ड’ असते, ‘रेकॉर्ड’ क्वचितच. हिंदीच्या लिपीत ‘रे’ लिहिण्याची अडचण नाही. ‘रेल’ आणि ‘रेडियो’ ती लिहितेच. मला वाटते, हिंदीने ‘रिपोर्ट’, ‘रिजल्ट’ या मोठ्या गटाच्या ओढीने ‘रिकॉर्ड’लाही ‘रि’च्या पंक्तीत बसवले. नाम आणि क्रियापद हिंदीतही एकाच रूपाने चालतात. ‘रिकॉर्ड टूटा’ आणि ‘रिकॉर्ड किया’. एका इंग्रजी जोडीतून दोन शेजारभाषांनी दोन वेगळे स्वर उचलले आणि दोघींनीही जोडी मोडून एकच शब्द केला. या पुराव्याला फार ताणू मात्र नये. ‘कंपाउंड’ हे आवाराच्या अर्थाचे नाम इंग्रजीत आद्याघाती आहे. मराठी नियमाने वागली असती तर ‘कॉम्पाउंड’ झाले असते. झाले नाही. कानाने आलेला शब्द, डोळ्याने आलेला शब्द आणि आधीच रुळलेल्या शब्दांच्या ओढीने बदललेला शब्द यांचे मार्ग निराळे असतात. पाऊलखूण सापडते तेथे ती वाचावी, प्रत्येक शब्दात तिची अपेक्षा धरू नये.

आता एका न्याय्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हैदराबाद येथील इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतून रा. कृ. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला. भारतीयांचे इंग्रजी परक्याला न कळण्याच्या कारणांत चुकीच्या जागी पडणारा आघात हे एक प्रमुख कारण त्यात आढळले. मग मी आघाताबद्दल बेपर्वाई शिकवतो आहे काय? नाही. लांब शब्दातील आघात चुकला, तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखता येत नाही, आणि त्याला सावरायला वाक्यरचनेचा आधार पुरत नाही. नाम-क्रियापदांच्या जोडीत मात्र चुकीचा उच्चार दुसऱ्या एका ओळखीच्या शब्दाचाच असतो, आणि कोणता हवा हे उपपद, कर्ता, प्रत्यय यांनी आधीच ठरवलेले असते. म्हणजे आघाताच्या साऱ्या चुकांत ही सर्वांत कमी घातक. परीक्षकाने ऊर्जा खर्च करायचीच तर ती लांब शब्दांवर करावी. जोडी शिकवायची झाल्यास जोरापेक्षा स्वर शिकवावा, कारण मराठी कानाला ‘रे’ आणि ‘रि’ यांतील फरक पूर्वीपासून ऐकू येतो. जोराची जागा ऐकण्याची सवय त्याला नाही.

परंतु इंग्रजी कविता वाचताना हीच जोडी वेगळे रूप धारण करते. इंग्रजी वृत्त आघात मोजते. तेथे नामाचा आघात कोठे आहे यावर ओळ उभी राहते किंवा कोसळते. शेक्सपियरचे 123 वे सुनीत याचे चांगले उदाहरण आहे. त्यात कालाला उद्देशून बोलताना ‘रेकॉर्ड’ हे नाम अनेकवचनात येते. शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे त्याला आद्याघात द्यावा, तर दोन सबळ अक्षरे शेजारी येऊन ओळीची चाल त्या जागी मोडते. अंत्याघात दिला की पाचही आंदोलने सरळ लागतात. म्हणजे 1570 साली कोशात आद्याघाती म्हणून नोंदलेले नाम 1609 साली छापलेल्या कवितेत अंत्याघाताने चालत होते. दोन्ही उच्चार एकाच काळी नांदत होते आणि कवीला जो सोयीचा तो त्याने घेतला. शर्मन यांची तीन, आठ, चोवीस ही संख्यावली ज्या मंद संक्रमणाची मोजदाद करते त्याचा एक जिवंत क्षण या ओळीत सापडतो. हे ठाऊक नसलेला वाचक कवीलाच सैल रचनेचा दोष देतो.

आपल्या वाचकाची येथे विशेष अडचण आहे, कारण त्याचा छंदोविषयक कान लघुगुरूंवर घडलेला असतो. केशवसुतांनी 1892 साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून सुनीत मराठीत आणले. त्या पहिल्या पिढीने सुनिताचे चौदा चरण घेतले, विचाराची वळणे घेतली. आघाताची लय घेतली नाही, घेणे शक्यही नव्हते. सुनीत शार्दूलविक्रीडितासारख्या अक्षरगणवृत्तांत रुजले आणि आघाताची जागा लघुगुरूंच्या बांधणीने घेतली. यात कमीपणा काही नाही. ‘रेकॉर्ड’ला ‘करणे’ जोडणाऱ्या भाषेने वृत्तातही तोच व्यवहार केला. अडचण येते ती उलट दिशेने. लघुगुरूंनी घडलेला वाचक इंग्रजी सुनिताकडे परततो आणि तेथेही काल मोजू लागतो, किंवा आजच्या कोशातील आघात चारशे वर्षांपूर्वीच्या ओळीवर लादतो. आपल्या विभागांतून सुनिताच्या देवघेवीवर लेखन होते, त्यात कल्पनांची तुलना असते, रूपबंधाची असते. पण दोन भाषांत ओळ कशावर उभी आहे याची तुलना क्वचित आढळते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तुलनात्मक अभ्यासक्रमात इंग्रजी कविता लावताना शब्दांच्या आघाताचा इतिहास वृत्तविचाराचा भाग म्हणून शिकवावा. नाम-क्रियापदांच्या जोड्या त्याच्या आरंभासाठी उत्तम आहेत, कारण त्या थोड्या आहेत, त्यांची वाढ शतकागणिक दाखवता येते आणि ओळीवर पारखता येते. विद्यार्थ्याला पंधरा-वीस ओळी द्याव्यात, प्रत्येक नामाचा आघात वृत्तावरून काढायला सांगावा आणि मगच कोश उघडू द्यावा. जेथे वृत्त आणि कोश यांचे जमणार नाही तेथे त्याला भाषेचा इतिहास भेटेल. हेच काम मौखिक परीक्षेत उच्चारावर बोट ठेवून साधत नाही.

त्या दिवशीचा विद्यार्थी आपल्या मातृभाषेच्या न्यायाने बोलत होता. मराठीत ‘खेळ’ आणि ‘खेळ’ यांत जोराने भेद होत नाही. त्याने ‘रेकॉर्ड’ आणि ‘रेकॉर्ड’ यांत तो केला नाही, आणि त्याचे म्हणणे आम्हां सर्वांना पुरते कळले होते. त्याच्या प्रबंधात सुनितांवर एक प्रकरण होते. त्यातील एखादी ओळ मोठ्याने वाचून तिचे आघात दाखव, असे आमच्यापैकी कोणीही त्याला म्हटले नाही.